पाच महिने ड्रेसिंग चालू आहे, तरी बाबांच्या तळपायाची जखम भरत नाही. प्लास्टर घालावं का?

सावनी_क

बाबा ६२ वर्षांचे आहेत, मधुमेहाला १८ वर्षं झाली. दोन्ही पावलं बधिर. डॉक्टर तो नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवतात आणि बाबा डोळे मिटून विचारतात, "हं, लावा ना आता." तोवर लावून झालेला असतो.

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर जो उंचवटा असतो, तिथे आधी नुसता घट्टा होता. पिवळट, नखाएवढा. काही दिवसांनी त्याच्या आत काळसर ठिपका दिसायला लागला, आणि एका संध्याकाळी मोजा ओला निघाला. दवाखान्यात घट्टा तासल्यावर खाली गोल खड्डा निघाला. याला आता पाच महिने झाले.

तपासण्या सगळ्या झाल्यात. सळई घातली तर हाडाला लागत नाही, एक्स-रे स्वच्छ आहे, पायाची नाडी नीट लागते, बोटांकडचा रक्तपुरवठाही पुरेसा आहे. पू नाही, वास नाही. ड्रेसिंगचे चार प्रकार करून झाले. दीड महिन्यापूर्वी गुडघ्याखालपर्यंत येणारा, पट्ट्यांनी आवळायचा वॉकर बूट दिला. मी दर आठवड्याला पारदर्शक प्लास्टिकवर जखमेची कडा पेनाने काढून ठेवते. बूट आला तेव्हा २४ बाय २० मिलिमीटर होती, आता २२ बाय १९ आहे.

मागच्या रविवारी मी काही न बोलता वही घेऊन बसले. बाबा दिवसभरात २३ वेळा उठले, त्यातल्या चारच वेळा पायात बूट होता. त्या चारही वेळा ते घराबाहेर जात होते. बाकी बाथरूम, पाणी, पेपर, दाराची बेल, सगळं अनवाणी. संध्याकाळी बाथरूमच्या दाराशी फरशीवर एक ओलसर गोल ठसा दिसला. मी वाकून बोट लावलं. ड्रेसिंगमधून झिरपलेलं होतं.

आता डॉक्टर म्हणतात, काढता न येणारं प्लास्टर घालू, दोनेक महिने. बाबा म्हणतात, उघडी जखम कोणी प्लास्टरमध्ये बंद करतं का? खरं सांगायचं तर मलाही तेच वाटतंय. कोणाला अनुभव आहे का?

सुलू_मावशी

सावनी, माझ्या सासूबाईंना अंथरुणावर पडून टाचेला असंच झालं होतं. हवेची गादी आणली, दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी ठेवायची. भरली जखम. गादी घेऊन बघ.

सावनी_क

मावशी, बाबा अंथरुणाला खिळलेले नाहीत, चालतेफिरते आहेत. खरं तर तोच त्रास आहे. पण टाच अधांतरी ठेवायचं लक्षात ठेवते.

हेमंत_द

प्लास्टर अजिबात घालू नका. जखमेला हवा लागली पाहिजे, नाहीतर आत कुजते. माझ्या काकांना असंच होतं. आम्ही जाड फोम आणला, जखमेएवढं भोक पाडलं आणि एमसीआर चपलेत चिकटवला. जखम भोकावर आली की तिच्यावर भार येत नाही, साधा हिशोब आहे. तीन महिन्यांत भरली.

पाऊलवाट

सावनीताई, मी १९ वर्षं पायांच्या दवाखान्यात प्लास्टर आणि पादत्राणांचंच काम करतो. तुमची वही तुमच्या डॉक्टरांना नक्की दाखवा, त्यात सगळं उत्तर आहे.

तुम्हा-आम्हाला बुटात खडा टोचला तर चार पावलांत आपण लंगडायला लागतो आणि भार दुसरीकडे टाकतो. कोणी शिकवत नाही, पाय आपोआप करतो. बाबांच्या पायाला ती खबरच मिळत नाही, त्यामुळे ते त्याच जागेवर तितक्याच जोराने, प्रत्येक पावलाला टेकतात. रात्रीत कडेने जी नाजूक कातडी धरते ती सकाळी बाथरूमपर्यंतच्या चालण्यात सुटते. ड्रेसिंग कितीही चांगलं असलं तरी ते पायाखाली आहे, आणि वर सबंध माणूस उभा आहे.

एक मोजणी मी प्रत्येक घरच्यांना सांगतो. २००३ साली अमेरिकेत असे काढता येणारे बूट दिलेल्या रुग्णांच्या बुटात आणि कमरेला, दोन्हीकडे पावलं मोजणारी यंत्रं बसवली होती. एकूण पावलांपैकी बूट घालून टाकलेली पावलं निघाली २८ टक्के. म्हणजे बाबा काही जगावेगळे हट्टी नाहीत. ज्याला दुखतच नाही त्याला घरातल्या घरात जड बूट चढवायचं सुचणार तरी कसं?

प्लास्टरचे दोन फायदे आहेत. एक म्हणजे ते तळव्याला सगळीकडून चिकटून बसतं, त्यामुळे जो भार एका उंचवट्यावर येत होता तो अख्ख्या तळव्यावर पसरतो आणि थोडा पोटरीच्या भिंतीही उचलतात. घोटा हलत नाही म्हणून पाऊल आखूड पडतं आणि चवड्याने जमीन मागे रेटणं जवळपास थांबतं. दुसरा फायदा म्हणजे ते रात्री दोन वाजताही पायात असतं. माझ्या मते दुसरा फायदा मोठा आहे. पुढे एका अभ्यासात असाच काढता येणारा बूट वरून पट्टी गुंडाळून काढता न येणारा केला, तर जखमा प्लास्टरइतक्याच भरल्या.

पाऊलवाट

हेमंतराव, तुमच्या काकांची जखम भरली हे चांगलंच झालं, पण दोन गोष्टी लिहितो, कारण इथे वाचून कोणीतरी घरी करेल.

भोकाच्या कडेवर भार जातो. बधिर पायावर ती कड कापते, शिवाय खड्डा भोकात खाली लोंबतो आणि कडेची कातडी ताणली जाते. भोकाभोवती नवा लालसर गोल उठलेला मी कित्येकदा बघितलाय. आम्हीही फेल्ट वापरतो, पण ते रुंद असतं, जखमेच्या मागे भार घेईल असं कापलेलं असतं, आणि दुसरं काही शक्यच नसेल तेव्हाच. एमसीआर चप्पल जखम भरल्यानंतर उत्तम. उघड्या जखमेला तेवढा आधार बहुधा पुरत नाही.

हवेचं म्हणाल तर जखमेला कोरडी हवा नको असते, दमटपणा हवा असतो. प्लास्टरमध्ये ड्रेसिंग असतंच.

हेमंत_द

मग आत पू झाला तर दिसणार कसा? आमच्या ओळखीतल्या एकांचा पाय प्लास्टरमध्येच काळा पडला होता.

पाऊलवाट

या भीतीत तथ्य आहे, ती उडवून लावत नाही. त्या गृहस्थांचं काय झालं ते मला माहीत नाही, पण रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा संसर्ग खोलवर असेल तर आम्ही प्लास्टर घालत नाही. आधी त्याचा इलाज करतो. म्हणून तर सळई, एक्स-रे आणि बोटांकडचा रक्तदाब बघतात. घोट्यावरचा रक्तदाब मधुमेहात फसवतो, रक्तवाहिन्या कडक झालेल्या असल्या की आकडा उगाच चांगला येतो. सावनीताईंनी बोटांचं लिहिलंय, म्हणून मी इतकं ठामपणे बोलतोय.

पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत काढून बघायचं, कारण सूज उतरते आणि ते सैल होतं. त्यानंतर दर आठवड्याला. मधल्या काळात ताप आला, साखर कारण नसताना चढली, वास आला, प्लास्टरवर डाग वाढत गेला, ते सैल किंवा घट्ट झालं, तर त्याच दिवशी काढायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. "दुखलं तर सांगा" हे वाक्य या रुग्णांना मी म्हणतच नाही. सांगणार कोण?

निवृत्त_मास्तर

मला मधुमेह नाही. तरुणपणी कुष्ठरोग झाला, गोळ्यांनी पूर्ण बरा झालो, पण डावं पाऊल बधिर राहिलं ते कायमचं. ३० वर्षं झाली. याच जागी मलाही दोनदा जखम झाली आणि दोन्ही वेळा प्लास्टरनेच भरली. त्या काळी आमच्या दवाखान्यातले जुने तंत्रज्ञ डॉ. पॉल ब्रँड यांचं नाव आदराने घ्यायचे. त्यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे पाय बघून सांगितलं की मांस रोगाने झडत नाही, बधिर पायावर तोच तो भार येऊन फुटतं. पुढे अमेरिकेत कारव्हिलला त्यांनी हेच काम चालू ठेवलं आणि प्लास्टरची ही पद्धत मधुमेहवाल्यांपर्यंत पोचली.

बाबांना सांगा, पहिला आठवडा वाईट जातो. झोपेत पाय जड लागतो, अंघोळीला पिशवी बांधावी लागते. नंतर सवय होते. मला सगळ्यात जड गेलं ते भरल्यानंतरचं. प्लास्टर निघालं, कातडी गुलाबी दिसली, आणि मी त्याच आनंदात जुन्या चपला घालून दिवसभर हिंडलो. नवव्या दिवशी फुटली.

सावनी_क

मास्तर, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "३० वर्षं?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्लास्टरला तयार झाले.

आज तिसरा दिवस. काढून बघितलं, सूज बरीच उतरली होती, नवं घातलं. आधी कडेचा घट्टा पुन्हा तासला. पाऊलवाट, दर वेळी का तासतात? मला तर जखम मोठी केल्यासारखं वाटलं.

पाऊलवाट

दिसते मोठी, कारण घट्टा कडेवरून छपरासारखा आत आलेला असतो. घट्टा म्हणजे पायालाच चिकटलेला खडा समजा. नुसता तो तासला तरी त्या जागेवरचा दाब साधारण चौथ्या हिश्श्याने उतरतो. घरी ब्लेडने करू नका, कोणीच. भोवरी काढायचे पॅच तर बधिर पायाला लावूच नका, त्यातल्या आम्लाने चांगली कातडी जळते आणि कळतही नाही.

अनघा_म

मला वेगळंच विचारायचंय. सकाळी उठल्यावर माझी टाच प्रचंड दुखते, चालल्यावर कमी होते. मलाही प्लास्टर लागेल का?

पाऊलवाट

अनघाताई, तुम्हाला दुखतंय म्हणजे पाय बोलतोय. ही गोष्ट वेगळी आहे, तिला असं प्लास्टर लागत नाही. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहीन. पण मधुमेह असेल तर तळवे एकदा तपासून घ्या.

सावनी_क

चार आठवडे झाले. १३ बाय ११! आधीच्या प्लास्टिकवर आजचं प्लास्टिक ठेवलं तर आत अजून एक मावेल इतकी जागा आहे.

दोन अडचणी आल्या. दुसऱ्या आठवड्यात प्लास्टरच्या वरच्या कडेतून माझी दोन बोटं सहज आत गेली. डॉक्टरांनी तारखेच्या तीन दिवस आधीच काढलं, तर नडगीवर लाल चट्टा. अजून फुटलेला नव्हता. बाबांना पत्ताच नाही. तेव्हापासून रोज रात्री मी बोट घालून बघते. दुसरी म्हणजे डाव्या कंबरेत दुखायला लागलं. प्लास्टरचा पाय उंच होतो ना! डाव्या बुटाचा सोल वाढवून दिला, तोल पण सुधारला.

पाऊलवाट

चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्र निम्म्याहून कमी झालं असेल तर गाडी रुळावर आहे. तुमचं ३४ टक्क्यांच्या आसपास उरलंय. हेच जर जेमतेम हललं असतं तर प्लास्टरवर प्लास्टर न घालता परत मागे जाऊन हाड, रक्तपुरवठा आणि प्लास्टरचा साचा तपासायला हवा होता. बोट घालून बघता हे फार चांगलं करता.

सावनी_क

साडेआठ आठवडे. बंद झाली. आज दहा मिनिटं नुसती बघत बसले. कातडी पातळ, चकचकीत, थोडी दबलेली. बाबांनी विचारलं, "आता झालं ना?" मला मास्तरांचा नववा दिवस आठवला. आता पादत्राण कसं घ्यायचं ते नीट सांगा.

पाऊलवाट

लगेच घेऊ नका. वरून बंद दिसते तेव्हा खालचं अजून कच्चं असतं. आम्ही बंद झाल्यावरही दोन आठवडे प्लास्टर ठेवतो, मग तो काढता येणारा बूट, आणि त्याच काळात पादत्राणाचं माप. सूज असताना घेतलेलं माप नंतर चुकतं.

पादत्राणात मी तीन जागा बघतो. वर खोली हवी, म्हणजे जाड इनसोल घातल्यावरही बोटं वर घासत नाहीत. आत इनसोल बाबांच्या तळव्याच्या साच्यावरून बनवलेला हवा. अंगठ्याच्या मुळाखाली तो मऊ आणि जरा खोल, आणि त्याच्या थोडं मागे उचललेला, म्हणजे भार हाडाच्या टोकाऐवजी मागच्या मांसल भागावर जाईल. हा उंचवटा अर्धा सेंटिमीटर पुढे सरकला तरी तो बरोबर जखमेच्या जागीच टोचतो, आणि बाबा काही तक्रार करणार नाहीत. तिसरं म्हणजे खाली कडक, पुढून होडीसारखा वर गेलेला सोल, ज्याला रॉकर म्हणतो. सोल वाकत नाही म्हणून चवडा वाकत नाही, पाऊल गडगडत पुढे जातं. वळण चवड्याच्या हाडांच्या थोडं मागे सुरू झालं पाहिजे. पुढे सुरू झालं तर चप्पल महाग आणि उपयोग शून्य.

जमलं तर आतला दाब मोजणाऱ्या पट्ट्या घालून चालवून बघतात. नसतील तर महिन्याने इनसोल काढून हात फिरवा. एकाच जागी खोल, चकचकीत खळगा पडला असेल तर भार अजून तिथेच आहे.

आणि घरासाठी वेगळा जोड करा. बाहेरचा बूट घरात कोणी घालत नाही, पण तुमची वहीच सांगते की पावलं घरातच पडतात. नेदरलँड्समध्ये २०१३ साली दाब मोजून सुधारलेली पादत्राणं देऊन बघितली. नुसती दिल्याने फारसा फरक पडला नाही. ज्यांनी ती बहुतेक पावलांना वापरली त्यांच्यातच जखमा परत होणं जवळपास निम्म्यावर आलं.

निवृत्त_मास्तर

नवा जोड पहिल्या दिवशी अर्धा तासच. काढायचा आणि तळवा बघायचा. मी छोटा आरसा जमिनीवर ठेवतो. लाली २० मिनिटांत गेली नाही तर जोड परत दुरुस्तीला. पुढच्या दिवशी तासभर. शिवाय मी रोज रात्री हाताच्या पाठीने दोन्ही तळवे चाचपतो. एक जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली की दुसऱ्या दिवशी चालणं कमी.

पाऊलवाट

मास्तरांची सवय सोन्यासारखी आहे. फक्त बाबांचे हातही बधिर असू शकतात, म्हणून सावनीताईंनी किंवा त्वचेच्या तापमापकाने बघावं. दोन्ही पायांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक दोन दिवस राहिला तर चालणं कमी करून दाखवायला जायचं. कातडी फुटण्याच्या आधी ती तापते.

हेमंत_द

सावनीताई, अभिनंदन. काकांचं आज मुद्दाम बघितलं. भोकवाला फोम अजून चपलेत आहे, आणि भोकाच्या कडेच्या रेषेत घट्टा आलाय. उद्या घेऊन जातोय.

पाऊलवाट

हेमंतराव, घट्ट्यात काळा किंवा लालसर ठिपका असेल तर उद्याची वाट न बघता आजच चालणं थांबवा. आत रक्त साकळलेलं असतं.

सावनी_क

शेवटचा प्रश्न. सर्जन म्हणाले, बाबांची पोटरी आखडलेली आहे, घोटा वर येत नाही, म्हणून चवड्यावर भार लवकर येतो. टाचेमागची शीर लांब करायची छोटी शस्त्रक्रिया सुचवतात. आमचे मधुमेहाचे डॉक्टर म्हणतात, भरली आहे तर आता कशाला? करावी का?

पाऊलवाट

यावर आमच्या दवाखान्यातही दोन मतं आहेत. २००३ च्या एका अभ्यासात प्लास्टरसोबत ही शस्त्रक्रिया केलेल्यांना चवड्याची जखम परत होण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पण शीर जास्त सैल झाली तर भार टाचेवर जातो, आणि टाचेची जखम चवड्यापेक्षा हट्टी असते. पहिलीच जखम असेल आणि पादत्राण नीट वापरलं जात असेल तर मी स्वतः थांबून बघेन, दुसऱ्यांदा फुटली तर नाही थांबणार. सर्जनना गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही वेळा घोटा किती वर येतो ते मोजायला सांगा. गुडघा वाकवल्यावर येत असेल तर आखडलेली फक्त पोटरी आहे, आणि तिथे कमी कापाकापीत काम होतं.

सावनी_क

मोजलं. गुडघा वाकवला की येतो. सर्जन आणि मधुमेहाचे डॉक्टर सोमवारी एकमेकांशी बोलणार आहेत. घरचा जोड काल आला. बाबांनी आज सकाळी पलंगाखाली पाय घालून तो शोधला, आणि मगच उठले.